प्रतिसाद: दुप्पट दाब, पण सरळ पडणाऱ्या प्रकाशातच

"आरसा प्रकाशाची ऊर्जा शोषतच नाही, मग त्याच्यावरचा दाब काळ्या पृष्ठभागाच्या दुप्पट कसा?"

दाब शोषलेल्या ऊर्जेवर नव्हे, तर प्रकाशाच्या संवेगात होणाऱ्या बदलावर ठरतो. काळ्या पृष्ठभागावर तो संवेग शून्य होतो, आरशावर उलटा फिरतो, म्हणून बदल दुप्पट. पृथ्वीच्या अंतरावर सूर्यप्रकाशाची तीव्रता दर चौरस मीटरला सुमारे 1361 वॅट असते. तिला प्रकाशवेगाने भागले की काळ्या पृष्ठभागासाठी सुमारे 4.5 आणि आरशासाठी 9.1 मायक्रोपास्कल येतात.

मात्र ही दुप्पट प्रकाश लंब पडत असतानाच खरी आहे, आणि बहुतेक गफलत इथेच होते. पृष्ठभाग θ कोनात कलला, तर काळ्या पृष्ठभागावरचे बल किरणांच्या दिशेने आणि cosθ च्या प्रमाणात राहते. आरशावरचे बल मात्र पृष्ठभागाला लंब दिशेने, 2cos²θ च्या प्रमाणात लागते, कारण संवेगाचा पृष्ठभागाला समांतर घटक परावर्तनात बदलतच नाही. परिणामी 60 अंशांवर दोन्ही बले सारखी होतात, आणि त्यापुढे, जरा विचित्र वाटले तरी, काळा पृष्ठभागच जास्त ढकलला जातो.