गोवर नव्हे, मग मराठीत ह्याला म्हणायचं काय?

डिचोलीची आई
प्रश्न शब्दाचाच आहे, पण आधी काय झालं ते सांगते. मुलगी ६ वर्षांची. मंगळवारी शाळेतून आली ती घसा धरूनच, गिळता येत नाही म्हणाली, रात्री १०२ ताप आणि दोन उलट्या. बुधवारी संध्याकाळी मानेवर आणि काखेत बारीक पुरळ, गुरुवारी पोटापाठीवर सगळीकडे. सासूबाई म्हणाल्या गोवर आहे, पुरता बाहेर येऊ दे, मध्ये औषध नको, उशाशी कडुलिंबाचा पाला ठेव. मी पण थांबले. शुक्रवारी डॉक्टरांना फोन केला तर त्यांनी पहिलं विचारलं, "रंग राहू दे, हात फिरवल्यावर कसं लागतं ते सांगा." मी तिच्या पोटावरून हात फिरवला आणि मला शब्दच सापडेना. खडबडीत नाही, पित्ताच्या गांधी असतात तसं उंच नाही, ओल्या अंगावर रवा सांडून तो तिथेच वाळावा तसं काहीतरी. त्यांनी लगेच बोलावलं, घशात कापसाची काडी फिरवून टेस्ट केली, म्हणाले गोवर नाही, स्कार्लेट फीवर. तर ह्याला मराठीत शब्द काय, आणि त्या हाताला लागण्याला काय म्हणतात?

शब्दवेडा, म्हापसा
शब्द आहे, लोहितांग ज्वर. लोहित म्हणजे लोखंड, लोखंड तापल्यावर लाल होतं तसं अंग. पण हा रोग थंड देशातला, इकडे होत नाही. मुलीला गोवराची लस दिली असेल तर हा हलका गोवर असेल, लस घेतलेल्यांना असा होतो.

सिस्टर, फोंडा
दादा, शब्द बरोबर दिलात पण बाकीचं तसं नाही. लोहित म्हणजे मुळात लाल, ते लोखंडावरून आलेलं नाही. आणि हा रोग इकडेही होतो, मी मुलांच्या वॉर्डात ३० वर्षं काढली, पाहिलाय. लस घेतलेल्याला कधी हलका गोवर होतो हे खरं, पण हिच्या घशाची टेस्ट पॉझिटिव्ह आलीय आणि सुरुवातही गोवरासारखी नाही.
गोवराचं मूल आधी नाकाडोळ्यांनी गळतं. सर्दी, खोकला, डोळे लाल, उजेड सहन होत नाही, असे तीनचार दिवस जातात, मग कानामागून आणि केसांच्या कडेने पुरळ सुरू होतं, चेहऱ्यावर येतं आणि खाली उतरत जातं. ते चट्टे एकमेकांत मिसळतात. पुरळ यायच्या आधी गालाच्या आत, दाढांसमोर, मिठाच्या कणासारखे पांढरे ठिपके दिसतात, पण ते एकदोन दिवसात जातात म्हणून बरेचदा हुकतात. हिला सर्दी खोकला होता का? बहुतेक नसणार. घसा आणि ताप एकदम, आणि एकदोन दिवसात पुरळ, तेही मान, काख, जांघ इथून.

डिचोलीची आई
सर्दी खोकला अजिबात नव्हता सिस्टर! लस दोन्ही वेळची घेतलीय, एक वर्षाच्या आतली आणि दीड वर्षाची.

सुतारघरचा, सत्तरी
स्पर्शाचा शब्द माझ्याकडे आहे. डॉक्टर लोक सँडपेपर म्हणतात, आम्ही कामावर पॉलिश पेपर म्हणतो, पण पॉलिश पेपर यायच्या आधी माझे आजोबा खरवतीचं पान वापरायचे लाकूड घासायला. पानावरून बोट फिरवलंत की दिसायला गुळगुळीत वाटणारं पान बोटाला धरतं. खडबडीत म्हणजे डोळ्याला दिसणारं, खरवत म्हणजे बोटाला कळणारं. तुम्ही सांगता ते खरवतीच्या पानासारखं असणार.

डिचोलीची आई
हो हो, अगदी हेच! दिसत नव्हतं पण बोटाला धरत होतं.

सिस्टर, फोंडा
हा शब्द मी जपून ठेवते. आणि ह्यातच मुद्दा आहे. स्कार्लेट काय, लोहितांग काय, दोन्ही नावं रंगाची, गोऱ्या कातडीवर पाहून पडलेली. आपल्या सावळ्या मुलांवर तो लाल रंग दिसतच नाही कितीदा, मग आई म्हणते घामोळं आहे. म्हणून त्या डॉक्टरांनी रंग विचारला नाही. सोबत कोपराच्या आणि काखेच्या घडीत गडद रेघा दिसतात, तोंडाभोवतीची जागा मात्र पुरळाशिवाय फिकी राहते. जिभेवर आधी पांढरा थर, त्यातून लाल ठिपके वर येतात, मग थर गेला की जीभ स्ट्रॉबेरीसारखी.

पेडण्याची मावशी
माझ्या नातवाला अमॉक्सिसिलिन दिल्यावर अंगभर पुरळ आलं होतं, डॉक्टर म्हणाले ॲलर्जी. तेव्हा हे पण औषधाचंच असेल, बघा हं.

डिचोलीची आई
मावशी, हिला पुरळ आधी आलं, औषध नंतर.

सिस्टर, फोंडा
पण मावशी, नातवाची ती ॲलर्जी प्रत्येक डॉक्टरला सांगा, कारण इथे पहिलं औषध तेच, पेनिसिलिन नाहीतर अमॉक्सिसिलिन, १० दिवस. ॲलर्जी असली तर दुसरं देतात.
आता शब्दामुळे काय होतं ते सांगते. गोवर म्हटलं की घरात सगळे थांबतात, बाहेर येऊ दे म्हणून. गोवरातही थांबू नये, त्यात न्यूमोनिया होतो, व्हिटॅमिन ए द्यायचं असतं. पण गोवर व्हायरसचा, त्याला अँटिबायोटिक लागू नाही. हा आजार घशातल्या स्ट्रेप्टोकोकसचा, त्याच्या विषाने पुरळ येतं आणि त्याच्यावर औषध आहे. तीनचार दिवसांत मूल खेळायला लागतं आणि आई बाटली बाजूला ठेवते, तिथेच चुकतं. १० दिवस हे पुरळासाठी नव्हेत, पुढे दोनतीन आठवड्यांनी सांधे आणि हृदयाची झडप धरणारा संधिवाताचा ताप येऊ नये म्हणून. त्या काळात सांधे दुखले, धाप लागली किंवा लघवी चहासारखी झाली तर लगेच दाखवायचं.

शब्दवेडा, म्हापसा
सिस्टर, लोहितचं तुमचं मान्य, मी उलटं सांगितलं. एक भर घालतो, पोर्तुगीजमध्ये गोवराला सारांपु आणि ह्याला एश्कारलातीना, म्हणजे दोन रोगांना दोन शब्द तिथे सरळ आहेत. आपल्याकडे गोवर हा एकच शब्द सगळ्या पुरळाला पुरवला गेलाय. पण लोहितांग ज्वर सासूबाईंना सांगून कोण ओळखणार?

सुतारघरचा, सत्तरी
खरवतीचा ताप म्हणा.

शब्दवेडा, म्हापसा
सुंदर आहे, पण पणजीतल्या मुलाने खरवत पाहिलीय कुठे. पॉलिश पेपर तरी पाहिलेला असतो.

डिचोलीची आई
मी घरात सध्या "घशाचं पुरळ" म्हणते, सासूबाईंना तेवढ्याने पटलं की गोवर वेगळा. आज औषधाचा ८वा दिवस. काल तिच्या बोटांच्या टोकांची साल निघायला लागली, पातळ, कांद्याच्या पापुद्र्यासारखी, मी घाबरले. सिस्टर, हे काय? आणि धाकट्याचा, २ वर्षांचा, आज सकाळपासून घसा दुखतोय म्हणतो.

सिस्टर, फोंडा
साल निघणं हे ह्याच आजाराचं, पुरळ गेल्यावर बोटांवरून निघते, तिला ओढू नको, खोबरेल लाव. धाकट्याला आज संध्याकाळीच ने गो, थांबू नको. मोठीला झालंय हे आधी सांग, आणि पोटावरून हात फिरवून बघ, मग कसं लागलं ते इथे लिही.