52 पिकाचं कापड मीटरला खरंच कितीला पडतं?

खर्चीवाला, विटा: सूत व्यापाऱ्याचं, मी फक्त विणून देतो. 24 माग, 12 तासांची पाळी, मागाचा स्पीड मिनिटाला 160 आडवे धागे. 52 पिकाला, म्हणजे इंचात 52 आडवे धागे असलेल्या कापडाला, मागामागे पाळीला 56 मीटर निघतात. कारागिराला मीटरला 1.50. बाकी माग दुरुस्त करणारा जॉबर, कांडीवाला, लाईट, भाडं, हप्ता धरून मागामागे पाळीला 100 रुपये. म्हणजे मीटर 3.29 ला पडतं. व्यापारी मीटरमागे दर पिकाला 7 पैसे देतो, म्हणजे 52 पिकाला 3.64. मीटरमागे 35 पैसे सुटायला हवेत, पण आठवड्याला हातात काही नाही. वर कारागीर आणखी 10 पैसे मागतायत. मजुरीनंच धंदा खाल्ला.

जुना जॉबर, माधवनगर: हे वाचून राहवलं नाही. दादा, 56 मीटर कुठल्या मागावर पाहिलेत? तो आकडा निघतो माग बारा तास एकदाही न थांबता चालला तर. धोट्यातली आडव्या सुताची कांडी बदलताना माग थांबतो, ताण्याचा उभा धागा तुटला की थांबतो, आणि कारागीर चौथ्या मागावर गाठ मारत असला की सातवा त्याची वाट बघत उभा असतो. साध्या मागाला 75 टक्के मिळाले तरी चांगलं. म्हणजे 42 मीटर.

आता तुमचाच हिशोब करा. कारागिराचे 1.50 जागचे हलत नाहीत, कारण तो मीटरवर आहे. पण तुमचे 100 रुपये 56 ऐवजी 42 मीटरवर बसतात, म्हणजे 1.79 चे 2.38 झाले. कापड 3.88 ला पडलं, मीटरला 24 पैसे तोटा. 7 पैशांच्या भावात बरोबरीला यायलाच साधारण 47 मीटर हवेत. कारागिराचे 10 पैसे तुम्हाला दिसतात. तोच माग 75 वरून 70 टक्क्यांवर आला तर 17 पैसे जातात, ते कुणी मागत नाही म्हणून दिसत नाहीत.

खर्चीवाला, विटा: माग थांबला की लाईटही थांबते. 100 पूर्ण कसे धरता?

जुना जॉबर, माधवनगर: माग थांबतो, मोटर फिरतच असते. भार कमी होतो, तेवढं थोडं बिल वाचतं. भाडं, हप्ता आणि जॉबरचा पगार थांबतो का?

इंजिनिअर, सांगली: सोपा उपाय आहे. पुली बदलून 180 वर न्या, मीटर आपोआप वाढतील.

जुना जॉबर, माधवनगर: सूत चांगलं असेल तर वाढतील, एवढं मान्य. पण आपल्याकडच्या सुतावर 180 ला धागे जास्त तुटतात. 75 टक्क्यांवरून 65 वर आलं तर पाळीला 41 मीटर, म्हणजे होते त्याहून एक कमीच. शिवाय ताग्यात डाग वाढतात आणि व्यापारी कापून घेतो, ते वेगळंच. आणि आधी आहे तो स्पीड तरी मोजा. पट्टा ढिला असला की 160 चा माग 148 नेच चालतो, आणि पुलीवरून हिशोब करणाऱ्याला ते कळत नाही.

सायझिंगवर नाराज, विटा: मूळ दुखणं सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगचं आहे! मागाखाली पांढरी पूड साचलेली दिसली की समजा, खळ सुताला धरलेलीच नाही. गेल्या उन्हाळ्यात माझी अख्खी खेप तशी आली. भांडलो तर म्हणे, तुमच्या शेडमध्ये ओलावा नाही.

जुना जॉबर, माधवनगर: उन्हाळ्यात कोरड्या शेडमध्ये धागा तुटतोच, त्यांचंही थोडं खरं असेल.

कारागीर, आठ मागवाला: ताण्याच्या बीमाचं कुणी बोलंना. बीम संपलं की नव्या बीमाचे धागे जोडणारा वहिफणीवाला येईपर्यंत माग उभा. आठ मागांवर पाळीला 500 रुपये सुटतात. दोन माग उभे राहिले की सव्वाशे गेले. सुताचा, सायझिंगचा, वहिफणीचा सगळा खोळंबा आमच्या मजुरीतून जातो, आणि वर आम्हीच धंदा खाल्ला म्हणायचं?

खर्चीवाला, विटा: उभ्या मागाची मजुरी मी कुठनं देऊ? व्यापारी मला उभ्या मागाचे देतो का? आणि दिवाळीची उचल घेऊन गावाकडं जाऊन बसता, तेव्हा माझे माग उभेच असतात की.

कारागीर, आठ मागवाला: उचल फेडतोच आम्ही, आठवड्याला कापून घेताय. वहिफणीवाल्याला बीम संपायच्या आदल्या दिवशी सांगायचं काम कुणाचं?

खर्चीवाला, विटा: माझ्याकडं एकच वहिफणीवाला, तो चार शेड बघतो. सांगून येतो होय?

जुना जॉबर, माधवनगर: मग एक काम करा. निघालेलं कापड मोजून लिहिता त्या घडीच्या वहीतून मागच्या महिन्याचे मीटर काढा आणि जितके माग जितक्या पाळ्या चालायला हवे होते, त्यानं भागा. बीमाला उभे राहिलेले दिवसही त्यात धरा. ते वगळले तर टक्केवारी फुगते.

खर्चीवाला, विटा: काढलं. मागामागे पाळीला 41 आले. ठीक आहे, 56 धरायला नको होते. पण 10 पैसे दिले तर तोटा वाढतोच ना? व्यापाऱ्यानं पिकाला पाऊण पैसा वाढवल्याशिवाय मी मजुरीला हात लावणार नाही.

कारागीर, आठ मागवाला: व्यापारी वाढवेल तेव्हा वाढवेल. तोवर दुसरा वहिफणीवाला तरी बघा.