अनुभव धागा: नापास झालेला पेपर परत उघडून बसलात का कधी?

शेवंती_साखळी
चवथीची झाडलोट चालू आहे. कपाटात तळाशी धाकट्या भावाची बारावीची अकाउंट्सची उत्तरपत्रिका मिळाली, बोर्डाकडून मागवलेली झेरॉक्स. सोबत टाचणी लावलेली प्रश्नपत्रिका. एवढ्या एका विषयात राहिला होता. क्लासवाले म्हणाले, पुस्तक पहिल्या पानापासून कर. त्याने आधी हे दोन कागद शेजारी मांडले आणि मला बसवलं.

एक प्रश्न अजून लक्षात आहे. दोन भागीदार, नफा 3:2. तिसरा येतो, 1/5 वाटा, तोही दोघांकडून सारखा घेतो. गुडविलचे 50,000 आणतो. ह्याने वाटले 30,000 आणि 20,000. हवे होते 25,000-25,000, कारण दोघांनी सोडलं प्रत्येकी 1/10. आणि ताळेबंद जुळलेला! कुणाच्या भांडवलात किती गेले हे बेरजेला काय कळणार, एकूण 50,000 च ना. म्हणून पेपर देऊन हसत घरी आला होता. प्रश्नपत्रिकेवर पेन्सिलीने 1/5 ला गोल केलेला, 'सारखा' वाटा घेतो ते वाक्य मात्र कोरं.

तुमचेही लिहा.

म्हापशेकर
फेरमोजणीचा फॉर्म भरायला हवा होता. आमच्या पुतण्याचं एक उत्तर तपासायचंच राहिलं होतं, मार्क वाढले. मुदत चुकवू नका.

शेवंती_साखळी
दादा, ते तर त्याच वर्षी संपलं. तो परत बसणार होता, म्हणून चुका शोधत होतो.

खडूवाली
नवं प्रमाण त्याने 12:8:5 काढलं होतं का?

शेवंती_साखळी
हो टीचर! तुम्हाला कसं कळलं??

खडूवाली
दरवर्षी बघते. 1/5 बाजूला काढला आणि उरलेले 4/5 जुन्या 3:2 ने वाटले, की 12:8:5 येतं. प्रश्नात काहीच सांगितलं नसेल तेव्हा ते बरोबर. इथे हवं 5:3:2. म्हणजे पोराला पद्धत येत होती, अट वाचली नाही. त्याला धडा परत वाचायला लावून काही होत नाही. दुसऱ्या पाच प्रश्नांतल्या फक्त अटी वाचायला द्यायच्या, 'सारखा', 'अमक्याकडून इतका', की काहीच नाही, आणि त्याग किती तेवढाच विचारायचा. बेरीज नको, ताळेबंद नको.

पेडण्याचो_पात्रांव
ताळेबंद जुळला तर त्याचे मार्क कापता येत नाहीत. नियमच आहे.

खडूवाली
असा सरसकट नियम नाही हो. चूक जिथे झाली तिथे एकदा कापायचं आणि पुढे तेच आकडे नेले असतील तर परत कापायचं नाही, असं मी करते. पण मार्किंग स्कीममध्ये काय आहे त्यावर जातं. झेरॉक्सवर नुसता आकडा दिसतो, कशाचे कापले ते बहुतेक वेळा कळत नाही. वर्किंग नोट्स होत्या का पण?

शेवंती_साखळी
नव्हत्या. सगळं डोक्यात आणि कॅल्क्युलेशन प्रश्नपत्रिकेच्या मागे.

खडूवाली
मग तपासणाऱ्याला त्याची वाट दिसलीच नाही.

कदंबातून
उभ्याने लिहितोय, चुका सांभाळून घ्या. माझं फिजिक्स. मला वाटायचं ऑप्टिक्स कच्चं आहे. कागद बघितला तर 2 मार्कांच्या व्याख्येला दीड पान, आकृतीसकट, कुणी मागितलीच नव्हती. शेवटच्या पानांवर अक्षर इतकं पसरलंय की 'f' आणि 't' मलाच ओळखू येईनात. ऑप्टिक्स शेवटी घेतलं होतं एवढंच. घरी घड्याळ न लावता तेच प्रश्न सोडवले, सगळे आले.

पेडण्याचो_पात्रांव
मग ती चूक वेळेची. टीचर म्हणतात ती वाचण्याची. दोन्हीला उपाय वेगळा, हे पटलं. ताळेबंदाचं अजून पटलं नाही.

माटोळीवाला
नारळ काय भाव चाललाय फोंड्याला? विषय सोडून विचारतो, माफी.

म्हापशेकर
विचारू नका 😄

वकिलीणबाई
कुणाला झेरॉक्स देत नसतील तर एक लक्षात ठेवा. 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने सीबीएसईच्या प्रकरणात सांगितलंय, तपासलेली स्वतःची उत्तरपत्रिका माहिती अधिकारात बघता येते. न्यायालयाने परत तपासून द्या असं म्हटलेलं नाही हं, बघायला मिळते.

डिचोलीची_आई
शेवंती, घड्याळ न लावता तुझ्या भावाने तो प्रश्न परत सोडवला होता का? आमची बायो म्हणते तिला सगळं येतं, पेपरातच होत नाही. मला शंका आहे.

शेवंती_साखळी
सोडवला काकू. उत्तर आधीच बघितलेलं, त्यामुळे बरोबरच आलं. त्यावरून काही कळलं नाही.

खडूवाली
आकडे बदलून द्या. 1/5 च्या जागी 1/4 करा, पूर्ण वाटा एकाकडूनच घेतो असं लिहा, आणि तिला सांगू नका काय बदललंय ते.

डिचोलीची_आई
रात्री जेवणं झाल्यावर देते. रुसली तर तुमचं नाव सांगेन.