प्रतिसाद: चॅटवर ‘तुम्ही’वरून ‘तू’वर

> टीममध्ये नवीन आलेली सहकारी माझ्याच वयाची आहे. चॅटवर ‘अहो-जाहो’ सोडून ‘तू’ कधी सुरू करायचं?

तिच्या क्रियापदांकडे लक्ष ठेवा. ती ‘फाईल पाठवता का?’ असं लिहीत असेल तोवर थांबा. ‘पाठवशील का?’ किंवा ‘अरे, बघ ना’ आलं की दार उघडलं. मग त्याच उत्तरात तुम्हीही ‘पाठवतो, तू मेल बघ’ असं लिहा. तिनं ‘तू’ म्हटल्यावरही तुम्ही ‘तुम्ही’वर अडून राहिलात, तर तिला ते तुटक वाटतं.

तोवर कर्ता टाळणारी वाक्यं फार कामाची: ‘फाईल मिळाली का?’, ‘उद्या अकराला जमेल?’, ‘दुपारी बोलूया’. यात आदरही जात नाही आणि सलगीही होत नाही.

काही दिवस असेच गेले तर सरळ विचारा: ‘आपण अरे-तुरे करूया का? चालेल ना?’ हे वैयक्तिक चॅटवर विचारा, ग्रुपवर नको. चारचौघांत तिला नाही म्हणणं अवघड जातं. ती ‘हो, चालेल की’ म्हणाली आणि पुढच्याच मेसेजात ‘तुम्ही सांगा’ लिहिलं, तर तो होकार भिडेचा समजा आणि ‘तुम्ही’वर परत या.

सर्वात खटकते ती सरमिसळ: ‘तू पाठवा’, ‘तुम्ही ये’. सर्वनाम बदललं की क्रियापदही बदलायला हवं. शिवाय ‘तू’बरोबर लिंग उघड होतं, ‘येतोस’ की ‘येतेस’; ‘तुम्ही येता’मध्ये ते झाकलेलं राहतं. म्हणून नुसती आद्याक्षरं दिसणाऱ्या नव्या माणसाशी ‘तुम्ही’च बरं.