फिफो आणि भारित सरासरी

"हिशेबपत्रकांतल्या साठ्याच्या टीपेत फिफो आणि भारित सरासरी मराठीत कसं समजवायचं?"

फिफो म्हणजे आधी आलेला माल आधी विकला असं सरळ लिहू नका हो, गोदामातून नेमका कुठला नग गेला याच्याशी संबंध नसतो, खर्च कुठल्या क्रमाने धरला एवढंच फिफो सांगतं. समजा १०० नग १० च्या भावाने घेतले, नंतर १०० नग १४ ने, आणि विकले १२०. फिफोत विकलेल्याचा खर्च १००० अधिक २८०, म्हणजे १२८०, उरलेले ८० नग १४ ने ११२०. भारित सरासरीत सगळ्या २०० नगांचा मिळून भाव १२, मग खर्च १४४० आणि साठा ९६०. भाव चढते असले की फिफोत नफा जास्त दिसतो, इथे १६० ने, आणि वाचणाऱ्याला हेच कळायला हवं. सरासरी प्रत्येक खरेदीनंतर काढतात की महिनाअखेरीस हे मूळ टीपेत असेल तर गाळू नका, त्यानेही आकडा बदलतो.