सल्ला हवा: विनोदी रीलमध्ये पॉझ किती ठेवावा आणि कट कुठे मारावा?

तिसरीघंटा:
आम्ही एकांकिका करणारी मंडळी, सध्या फोनवर विनोदी रील्स बनवतोय. त्यातलं एक काही केल्या जमत नाहीये.

प्रसंग असा: आई ओट्याशी पोळ्या लाटतेय. मुलगा ऑफिसातून येतो, घुटमळतो आणि सांगतो, "आई, तुझा स्टीलचा डबा ऑफिसात हरवला." आई गप्प. मग विचारते, "झाकणासकट?"

गंमत एवढीच. स्टेजवर या शब्दाला हमखास हशा येतो. रीलमध्ये मात्र बघणारा ढिम्म. सध्या बेल वाजते, दार उघडतं, मुलगा बूट काढतो, बॅग ठेवतो आणि सातव्या सेकंदाला बोलायला लागतो. त्याचं वाक्य संपल्यावर अडीच सेकंदांचा पॉझ आहे, कॅमेरा मुलावरच. मग कट, आईचं वाक्य. शेवटी मुलगा कॅमेऱ्याकडे बघतो आणि मागे हशाचा आवाज टाकलाय. एकूण २५ सेकंद.

पॉझ लांबलाय, की सुरुवातच चुकतेय?

धडाधड:
दोन्ही. बेल, बूट, बॅग सगळं उडवा. आणि पॉझ तर ठेवूच नका, रीलवर शांतता आली की अंगठा वर सरकतोच. एडिटिंग अ‍ॅपमध्ये गप्प जागा आपोआप कापायची सोय असते, ती एकदा फिरवा. २५ सेकंदांचं १२ वर येईल.

गोडामसाला:
टायमिंगचं म्हणाल तर माझा अनुभव सांगते. मी रेसिपीची रील्स संध्याकाळी सातच्या सुमाराला टाकते, तेव्हा बायका रात्रीच्या स्वयंपाकाच्या विचारात असतात. दुपारी टाकलेलं कुणी बघत नाही. आणि भाकरीच्या रीलमध्ये मी टम्म फुगलेली भाकरी सगळ्यात आधी दाखवली, पीठ मळणं नंतर, तर लोक शेवटपर्यंत थांबले. तुम्हीही शेवटचं आधी दाखवून बघा.

तिसरीघंटा:
गोडामसालाताई, मला रीलच्या आतलं टायमिंग विचारायचं होतं, पण भाकरीचं लक्षात राहील. धडाधड, ती सोय वापरून पाहिली. रील तुकतुकीत झालं, पण "हरवला" आणि "झाकणासकट" एकमेकांना चिकटले. आई आधीच ठरवून बोलल्यासारखी वाटते.

कातरकाम:
मी एडिटिंगचंच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भाकरी आधी दाखवलेली चालते, कारण ती कशी फुगली हे बघायला माणूस थांबतो. "झाकणासकट" आधी ऐकवलं तर थांबायला काही उरत नाही. विनोदात आधी दाखवायची ती अडचण. मुलगा दारात बॅग खांद्यावर घेऊन उभा आणि पहिल्याच सेकंदात म्हणतो, "आई, रागावू नकोस." एवढ्यानं बघणाऱ्याला कळतं की काहीतरी घडलंय. बेलची गरज नाही, तो कुठून आला हे बॅग सांगते. काळ्या पडद्यातून हळूहळू उजळणारी सुरुवातही काढा, त्यात अर्धा सेकंद फुकट जातो.

आता पॉझ. लांबीपेक्षा तो कुणाच्या चेहऱ्यावर आहे ते बघा. स्टेजवर प्रेक्षक आपली नजर आईकडे वळवू शकतो. तुमच्या रीलमध्ये कॅमेरा मुलावर अडकलाय आणि त्याचं बोलणं संपलंय. ते अडीच सेकंद बघायला काहीच नाही. कट वाक्यानंतर न मारता वाक्याच्या आत मारा: "आई, तुझा स्टीलचा डबा" मुलावर, आणि "ऑफिसात हरवला" ऐकू येताना चित्रात आई. बातमी तिच्या चेहऱ्यावर पोचताना दिसली पाहिजे.

तुमच्याकडे लाटणं आहे, त्याचा उपयोग करा. पोळपाटाचा खटखट आवाज पहिल्या फ्रेमपासून चालू ठेवा आणि "हरवला"वर थांबवा. मग शांतता ऐकू येते. मात्र आवाज पार शून्यावर नेऊ नका, फोन अडकला असं वाटतं. स्वयंपाकघराचा नुसता आवाज, पंखा, बाहेरची रहदारी, वेगळा रेकॉर्ड करून खाली पसरा. अशी जागा एक ते सव्वा सेकंद सहज पेलते. आपोआप कापणारी सोय नेमकी हीच जागा खाते, शिवाय बोलण्याआधीचा श्वासही. तो श्वास गेला की माणूस विचार करून बोलतोय असं वाटत नाही.

शेवटचा "ट" संपल्यावर सेकंदाला ३० फ्रेमच्या व्हिडिओत दहा-बारा फ्रेम आईचा चेहरा राहू द्या आणि संपवा. मुलाचं कॅमेऱ्याकडे बघणं आणि मागचा हशा दोन्ही काढा. स्टेजवर हशा ओसरेपर्यंत थांबावं लागतं, नाहीतर पुढचं वाक्य बुडतं. इथे पुढचं वाक्यच नाही.

एकच शंका: आई ऐकतानाचा वेगळा शॉट घेतलाय का?

तिसरीघंटा:
नाही. आई आणि मुलगा दोन्ही भूमिका एकाच मुलानं केल्यात. आईचा शॉट "झाकणासकट"पासूनच सुरू होतो.

कातरकाम:
मग तेवढं पुन्हा शूट करा. एकच नट असला की समोर कुणी नसतं, म्हणून ऐकणं राहूनच जातं. कॅमेऱ्यामागून कुणीतरी मुलाची वाक्यं म्हणावीत, आईनं लाटत ऐकावं, थांबावं, आणि मगच बोलावं. बोलण्याच्या आधी आणि नंतर पाच-पाच सेकंद कॅमेरा चालू ठेवा. एडिटिंगमध्ये पॉझ कमी-जास्त करायला तेवढा ऐवज लागतो.

नेपथ्यकार:
कातरकाम यांचं बरंचसं पटलं, पण इथे कट हवाच कशाला? उभी फ्रेम आहे. आई पुढे ओट्याशी, तोंड कॅमेऱ्याकडे, मुलगा मागे दारात. दोघं एकाच वेळी दिसतात. लाटणं थांबलं की मागे मुलगा आक्रसतो, तेही दिसतं. प्रेक्षकाला स्टेजसारखी नजर फिरवू द्या. कट मारला की कुणाकडे बघायचं ते तुम्ही ठरवता.

कातरकाम:
दोन नट असते तर मीही एकदा तसं करून बघितलं असतं. पण फोनच्या पडद्यावर मागचा चेहरा नखाएवढा होतो. शिवाय अख्ख्या टेकमध्ये पॉझ नटाच्या हाती, नंतर पाव सेकंदही हलवता येत नाही.

नेपथ्यकार:
नट एकांकिकेतले आहेत, पॉझ त्यांच्या हाती राहिलेलाच बरा. यावर आपलं जमणार नाही.

धडाधड:
ठीक, सगळे पॉझ काढा हे मागे घेतो. पण सव्वा सेकंद मला अजूनही जास्त वाटतो. आणि सबटायटल आहेत का? बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात.

तिसरीघंटा:
आहेत. "हरवला." आणि "झाकणासकट?" एकाच पट्टीत, खाली-वर.

कातरकाम:
मग बघणारा आईच्या आधीच वाचून मोकळा होतो! पॉझ कितीही नीट असला तरी उपयोग नाही. पट्टी तोडा. "हरवला" वाक्य संपताच जाऊ द्या, पॉझभर पडदा कोरा, आणि "झाकणासकट?" तिचे ओठ हलतात त्याच फ्रेमला. पट्टी जरा वर घ्या, अगदी तळाशी अ‍ॅप तुमच्या अकाउंटचं नाव दाखवतं.

सव्वा सेकंद की कमी, हे टाइमलाइनवर ठरवू नका. विनोद तुम्हाला पाठ झालाय, त्यामुळे तुम्हाला प्रत्येक पॉझ लांबच वाटणार. पाऊण सेकंदाचं आणि सव्वा सेकंदाचं अशी दोन रील्स काढा, ज्यांनी एकांकिका पाहिली नाही अशांच्या हातात फोन द्या, आणि पडदा सोडून त्यांचा चेहरा बघा. रील टाकल्यावर इनसाइट्समधला आलेखही बघा. रेघ पहिल्या दोन सेकंदांत कोसळली तर सुरुवात लंगडी, पॉझच्या मध्यात घसरली तर पॉझ लांब.

गोडामसाला:
आणि लाटणं थांबताना पोळी अर्धवट लाटलेली असू द्या. पूर्ण झालेली पोळी असेल तर बाई तशीही थांबतेच, बातमीमुळे थांबली हे कळणार नाही.

तिसरीघंटा:
ताई, हे आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. रविवारी आईचा भाग पुन्हा शूट करतोय, दोन्ही पॉझची रील्स बनवून इथेच टाकते. नेपथ्यकार, दुसरा मुलगा वेळेत आला तर तुमचा एका फ्रेममधला टेकही घेऊ.