मदत हवी आहे: ‘कान्ट’ की ‘मे नॉट’?

भाचीला बँकेच्या परीक्षेसाठी इंग्रजी व्याकरण शिकवतेय. एका प्रश्नावर दोघी अडकलोय. वाक्य असं: ‘द लाइट्स आर ऑफ. दे ___ बी ॲट होम.’ पर्याय: मस्टन्ट, कान्ट, नीडन्ट, मे नॉट. उत्तर दिलंय कान्ट.

तिने मस्टन्ट निवडलं होतं. ‘मस्ट बी’ म्हणजे ‘असणारच’, मग उलट ‘मस्टन्ट बी’ असणार, हा तिचा हिशोब. ते मी समजावलं: मस्टन्ट सहसा मनाई सांगतं, ‘घरी असता कामा नये’. आणि नीडन्ट म्हणजे ‘असायची गरज नाही’. ‘असणं शक्यच नाही’ हा अंदाज कान्टनेच येतो.

पण मग ती म्हणाली, ‘मावशी, दिवे बंद आहेत म्हणजे झोपलेही असतील ना? मग मे नॉट, म्हणजे कदाचित नसतील, का नाही?’ मला ते पटलं. दाराला बाहेरून कुलूप असतं, तर कान्ट निर्विवाद होतं. नुसत्या बंद दिव्यांवरून इतकी खात्री कशी धरायची?

पुरावा अर्धवट असताना परीक्षेत दोन्ही पर्याय आले, तर तुम्ही कशावरून ठरवता? शिकवणाऱ्यांनी कृपया सांगा, रविवारी तिची सराव परीक्षा आहे.